चार मिनिटांची शोरील अडीच मिनिटांत कशी बसवावी

प्रश्न: मी साताऱ्याचा. चार वर्षं एडिटिंग करतोय. बहुतेक लग्नाच्या फिल्म, थोडं कॉर्पोरेट, एका सराफाची जाहिरात आणि मित्राचा एक लघुपट. अंधेरीतल्या एका जाहिरातींच्या पोस्ट स्टुडिओत ज्युनिअर एडिटरची जागा निघाली आहे. माझी शोरील चार मिनिटांची आहे, गाण्यावर कापलेली. तिची आणि मूळ कामांची लिंक सोबत देतोय. आधी तीन ठिकाणी पाठवली, कुठूनच उत्तर आलं नाही. मॅडम, काय चुकतंय? कॅमेराही मीच करतो, तेही यातच दाखवलं तर चालेल ना?

उत्तर:

तुमची रील पाहिली आणि मग मूळ कामंही पाहिली. तुम्हाला एडिटिंग येतं, हे मला लघुपट पाहून कळलं. रीलमधून ते अजिबात कळत नाही. ज्या तीन ठिकाणी तुम्ही पाठवली तिथे मूळ कामं उघडून बघण्याइतका वेळ कुणाला नसणार, म्हणून उत्तर आलं नसावं.

चार मिनिटांत तुम्ही दीड-दोनशे शॉट वापरलेत. गाण्याचा ठोका पडला की कट. ड्रोन, नवरीचे डोळे, दागिन्याचा क्लोज, धावणारी मुलं, परत ड्रोन. हे बघून माझ्यासारख्या माणसाला शूट कसं झालंय ते कळतं आणि ठोक्यावर कापता येतं हे कळतं. ठोक्यावर कापणं पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यांनाच जमतं. मला कळायला हवं ते वेगळंच आहे: दोन माणसं बोलत असताना तुम्ही कुणाच्या तोंडावर थांबता, किती थांबता, ऐकणाऱ्याकडे कधी जाता, आवाज आधी आणता की चित्र आधी. ते दिसायला सीन सलग असावा लागतो. एडिटरचं काम दोन शॉटच्या मधे असतं, आणि माँटाजमध्ये ते मधलं सगळं गाण्याखाली दबून जातं.

म्हणून पहिलं काम म्हणजे हे माँटाज बाजूला ठेवा आणि चार तुकडे सलग दाखवा. कोणते, ते तुमच्याच कामातून सांगते.

जागा जाहिरातींच्या स्टुडिओत आहे, तेव्हा सुरुवात सराफाच्या जाहिरातीनेच करा. आत्ता तिचे सात-आठ शॉट रीलभर विखुरले आहेत. २० सेकंदांची आहे, ती आख्खी लावा, शेवटच्या लोगोसकट. आणि तुमच्या चॅनेलवर तिचीच १० सेकंदांची आवृत्ती दिसली, ती लगेच मागोमाग लावा. तुम्हाला हे आगाऊ वाटेल, पण जाहिरातींच्या स्टुडिओत ज्युनिअर एडिटरच्या हातात पहिल्या वर्षी हेच काम येतं. सीनिअरने ३० सेकंदांची कापून मंजूर करून घेतलेली असते, तिच्यावरून २०, १५, १० सेकंदांच्या आवृत्त्या तुम्ही करायच्या. तुमच्या १० सेकंदांच्या आवृत्तीत तुम्ही दुकानात शिरण्याचा पूर्ण भाग काढून टाकलाय आणि थेट आजीच्या हातातल्या पाटल्यांवर उघडलंय. नातीचा एकच रिॲक्शन ठेवलाय आणि तो मूळ जाहिरातीपेक्षा थोडा लांब ठेवलाय. हे बरोबर आहे. वेळ कमी झाला म्हणून सगळेच शॉट थोडे थोडे आखडणारे खूप असतात. तसं केलं की जाहिरात घाईत वाटते आणि लक्षात काहीच राहत नाही. दोन्ही आवृत्त्या शेजारी पाहिल्या की तुम्ही काय सोडायचं ठरवलंत ते समोरच्याला न सांगता दिसतं.

दुसरा तुकडा लघुपटातला स्वयंपाकघराचा सीन, आणि रीलमध्ये सगळ्यात महत्त्वाचा हाच. तुम्ही त्यातले जेमतेम दोन सेकंद वापरलेत, तेही कुकरच्या वाफेचा शॉट छान आहे म्हणून. मूळ सीन मी तीनदा पाहिला. आई मेथी निवडतेय, मुलगा दारात उभा राहून सांगतो की नोकरी सोडली. त्या वाक्यावर तुम्ही मुलाच्या तोंडावर नाही आणि आईच्या तोंडावरही नाही. तुम्ही तिच्या हातांवर आहात. हात चालत राहतात, मग मंदावतात, मग थांबतात. ते थांबेपर्यंत तुम्ही कापलं नाहीत. त्यानंतर आईचा चेहरा येतो, तेव्हा मुलाचं पुढचं वाक्य सुरू झालेलं असतं आणि ते आपण आईच्या चेहऱ्यावर ऐकतो. पुढे कुकरची शिट्टी चित्राच्या आधी येते आणि तिच्यामुळे कट दिसतच नाही. एवढ्या एका मिनिटात थांबणं, रिॲक्शन निवडणं, एल कट आणि जे कट, सगळं आलं. असे सीन दाखवायचे सोडून तुम्ही ड्रोन दाखवताय!

मात्र पूर्ण सीन लावू नका. मुलगा दारात येतो तिथून सुरू करा आणि शिट्टीनंतर आई उठते तिथे संपवा. ते ५२ सेकंद होतात. पुढच्या भागात दोन अडचणी आहेत. आई ओट्याशी गेल्यावर कॅमेरा लाइन ओलांडतो आणि दोघंही एकाच दिशेला बघताना दिसतात. ती चूक शूटची आहे, पण रील बघणारा कुणाची चूक ते शोधत बसत नाही, त्याला खटकतं आणि तो तुमच्या नावावर टाकतो. दुसरं म्हणजे तिथून संवाद सैल पडलाय. सीन कुठे सोडायचा हेही एडिटिंगच आहे, तेव्हा वर असताना सोडा.

तिसरा तुकडा दूध संस्थेच्या फिल्ममधल्या ताईंची मुलाखत. जाहिरातीच्या स्टुडिओला मुलाखत कशाला, असं वाटेल. पण ब्रँडसाठीच्या छोट्या माहितीपटांचं काम बहुतेक स्टुडिओत असतं आणि तासाभराच्या बोलण्यातून अर्ध्या मिनिटाचं सलग बोलणं काढणं हे वेगळं कौशल्य आहे. तुमचा तुकडा चांगला आहे, पण लावण्याआधी दुरुस्त करावा लागेल. डोळे मिटून फक्त आवाज ऐका. "पहाटे चारला उठायचं" या वाक्यानंतर ताई दोनदा श्वास घेतात. माणूस बोलताना एकाच जागी दोनदा श्वास घेत नाही, म्हणजे तिथे दोन वेगळ्या ठिकाणची वाक्यं जोडली आहेत. त्यातला एक श्वास काढा. पुढे "तेव्हा वाटलं" च्या आधी गोठ्याचा मागचा आवाज एकदम तुटतो आणि अर्ध्या सेकंदाने परत येतो. त्या फटीत त्याच जागचा नुसता वातावरणाचा आवाज भरा. ताई विचार करत गप्प बसल्या असतील तिथला उचलला तरी चालेल. दोन्ही बाजूंना चार-पाच फ्रेमचा क्रॉसफेड द्या. जोडावर गायीचा शॉट टाकलाय, त्यामुळे चित्रात काही दिसत नाही. कान मात्र पकडतो, आणि जो माणूस तुमची निवड करणार आहे त्याचा कान अशा जोडांना सरावलेला असतो. एक सांगू का, तुम्ही प्रत्येक जोडावर न चुकता गाय टाकली आहे. बघणाऱ्याला कळतं की गाय आली म्हणजे खाली काहीतरी लपवलंय. एक-दोन कटअवे बोलण्याच्या मधोमध टाका, जिथे जोड नाही तिथे. मग ते नुसतं झाकण वाटत नाही.

चौथा तुकडा लग्नाचा. लग्नाचं काम लपवायची गरज नाही, पण ते फिल्मी गाण्यावर नको. तुमच्याकडे अंतरपाटाचा प्रसंग आहे. शेवटचं मंगलाष्टक, "सावधान", अंतरपाट खाली, अक्षता, आणि वाजंत्री एकदम सुरू. त्या प्रसंगाला स्वतःची लय आहे, वरून गाणं लावून तुम्ही ती मारली आहे. मूळ आवाज घ्या. मंगलाष्टक चालू असताना लांब शॉट ठेवा: नवरीची आई, मामा, अंतरपाट धरलेले हात. "सावधान"च्या आधी एका रिकाम्या क्षणाला नवरीचा चेहरा, आणि वाजंत्री सुरू झाल्यावर मग भराभर कापा. २५ सेकंदांत होईल. अक्षतांचा जो शॉट तुम्ही अगदी हळू केलाय तो २५ फ्रेमवर शूट झालेला दिसतो. त्यात फ्रेम पुन्हा पुन्हा येतात आणि चित्र थरथरतं. ५० फ्रेमवर घेतलेला शॉट २५ च्या टाइमलाइनवर निम्म्या वेगाने स्वच्छ चालतो, २५ चा चालत नाही. ऑप्टिकल फ्लो लावून बघू नका, उडणाऱ्या अक्षतांवर तो हमखास फाटतो. सरळ नॉर्मल वेगात ठेवा.

झालं. सुरुवातीला ३ सेकंदांचं कार्ड: नाव आणि "एडिटर". फिरणारा लोगो नको. ०:०३ ला जाहिरात, ०:२३ ला तिची छोटी आवृत्ती, ०:३३ ला स्वयंपाकघर, १:२३ ला मुलाखत, १:५५ ला लग्न, २:२० ला शेवटचं कार्ड, आणि २:२४ ला संपलं. शेवटच्या कार्डावर फोन आणि मेल चार सेकंद स्थिर ठेवा. लोक तिथे पॉझ करून फोटो काढतात, ते विरत जाणारं असेल तर चिडतात. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला खालच्या कोपऱ्यात लहान अक्षरांत कामाचं नाव आणि तुमची भूमिका येऊ दे. लघुपटाचं ग्रेडिंग दुसऱ्याने केलंय ना? मग "संकलन" एवढंच लिहा. मुंबईत हे क्षेत्र फार लहान आहे, त्या कलरिस्टला ओळखणारा कुणीतरी त्याच ऑफिसात बसलेला असतो.

हाच क्रम सगळीकडे चालेल असं नाही. वेब सिरीज करणाऱ्या ठिकाणी पाठवाल तेव्हा स्वयंपाकघर पहिलं ठेवा आणि १० सेकंदांची जाहिरात काढून टाका.

तुम्ही म्हणाल की मी ५२ सेकंदांचा सीन सांगितला आणि वेळापत्रकात ५० च धरले. लघुपट २४ फ्रेमवर आहे आणि बाकी सगळं २५ वर. २४ चा तुकडा २५ च्या टाइमलाइनवर तसाच टाकला तर सॉफ्टवेअर दर सेकंदाला एक फ्रेम दोनदा दाखवतं. बसलेल्या माणसांवर ते दिसत नाही, पण कॅमेरा दारापासून ओट्याकडे वळतो त्या पॅनमध्ये दर सेकंदाला बारीक धक्का बसतो. त्यापेक्षा क्लिपला २५ म्हणून इंटरप्रिट करा. ती चार टक्के जास्त वेगाने चालेल, ५२ चे ५० सेकंद होतील आणि कुणाला कळणार नाही. आवाज मात्र किंचित चढतो, आई-मुलाचा संवाद चढलेला ऐकू आला तर वाईट वाटतं, म्हणून आवाजाला पिच कायम ठेवण्याचा पर्याय लावा. मोबाइलवर ३० फ्रेमने घेतलेले शॉट रीलमध्ये आहेत ते काढाच. ३० चे २५ करताना दर सहावी फ्रेम गळते आणि कॅमेरा हलत असेल तर चित्र अडखळतं.

आता एक किचकट गोष्ट, जी रीलमध्ये सगळ्यात जास्त नडते. तुम्ही हे सगळं तयार एक्सपोर्टवरून कापताय, आणि लघुपटाचा तुकडा तर बहुतेक यूट्यूबवरून उतरवलेला आहे, काळ्या भागात चौकडे दिसतात. दिग्दर्शक मित्राकडून मास्टर मागा, प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर, जे असेल ते. व्हॉट्सॲपवर आलेली फाइल मास्टर नव्हे. शिवाय त्याच्याकडे संवाद, संगीत आणि इफेक्ट वेगळे काढलेले असतील तर तेही घ्या. कारण मिक्स झालेल्या आवाजात संगीत वाजत असताना मधेच संपवायचं म्हटलं तर ते तुटतं. वेगळा ट्रॅक असला की संगीत आधी ओसरू देता येतं आणि संवाद पूर्ण होतो. वेगळे ट्रॅक नसतील तर जिथे संगीत वाजत नाही अशाच जागी तुकडा सोडा. तुमच्या सीनमध्ये कुकरच्या शिट्टीनंतर संगीत नाही, म्हणूनही मी ती जागा सांगितली.

तयार फाइलमधून तुकडे उचलताना आणखी एक होतं. इन किंवा आउट एका फ्रेमने चुकला की आधीच्या किंवा पुढच्या शॉटची एक फ्रेम चिकटून येते. सध्याच्या रीलमध्ये अशा तीन तरी जागा आहेत, एक अगदी पहिल्या पंधरा सेकंदांत. एडिटरच्या रीलमध्ये उरलेली फ्रेम म्हणजे शिंप्याच्या स्वतःच्या शर्टाचं बटण तुटलेलं असावं तसं. वेगात चालवून सगळ्या सापडत नाहीत. प्रत्येक कटवर जाऊन मागे-पुढे पाच फ्रेम एकेक करून बघा. एवढे थोडे कट आहेत की अर्ध्या तासात होतं. दोन क्लिपच्या मधे राहिलेली काळी फ्रेम मात्र मशीन शोधून देतं. एफएफएमपेग असेल तर एक्सपोर्टवर हे चालवा:

```
ffmpeg -i reel.mp4 -vf blackdetect=d=0.03:pix_th=0.10 -an -f null -
```

२५ च्या टाइमलाइनवर एक फ्रेम ०.०४ सेकंदाची असते, म्हणून मर्यादा ०.०३ ठेवली आहे. जिथे तुम्ही मुद्दाम काळं सोडलंय त्या जागाही यादीत येतील, बाकीच्या तपासा.

आवाजाची पातळी. तुमची लग्नाची फिल्म कानठळ्या बसवणारी आहे आणि लघुपट हळू. जाहिरातीनंतर स्वयंपाकघर आलं की बघणारा आवाज वाढवतो, आणि वाजंत्री सुरू झाली की दचकून बंद करतो. ही कल्पना करून सांगत नाहीये, ऑफिसात रोज होतं. आधी कानाने जुळवा: लघुपटातला संवाद आणि ताईंचं बोलणं सारखं ऐकू आलं पाहिजे, बाकी सगळं त्यांच्या भोवती. मग मोजा. प्रत्येक तुकडा वेगळा मोजता येतो. स्वयंपाकघर ०:३३ ला सुरू होऊन ५० सेकंद चालतं, म्हणून:

```
ffmpeg -ss 33 -t 50 -i reel.mp4 -af ebur128=peak=true -f null -
```

शेवटी जो सारांश येतो त्यातला `I:` चा आकडा बघा. पूर्ण रील मिळून, म्हणजे `-ss 33 -t 50` काढून मोजल्यावर, तो -१४ ते -१६ च्या दरम्यान असू दे आणि `Peak:` -१ च्या वर जाऊ देऊ नका. यूट्यूब साधारण -१४ च्या वरचा आवाज स्वतःच खाली आणतं, पण हळू आवाज वाढवून देत नाही, म्हणून लघुपटाची पातळी तुम्हालाच उचलावी लागेल. तुकड्यांचे आकडे एकमेकांशी तंतोतंत जुळवत बसू नका. संवादात शांतता असते, वाजंत्रीत नसते. स्वयंपाकघर तीन-चार अंकांनी खाली राहिलं तर ते योग्यच आहे.

चित्राचं फार सांगत नाही. १०८० ची एच.२६४ एमपी४, २० एमबीपीएसच्या आसपास. लघुपट रुंद पट्टीचा आहे तो वरखाली काळ्या पट्ट्यांसह तसाच ठेवा, झूम करून पडदा भरू नका. नाहीतर आईचे हातच कापले जातील. मॅकवर एक्सपोर्ट करत असाल आणि क्विकटाइममध्ये रंग फिके दिसले तर लगेच ग्रेड गडद करू नका, तो बहुतेकदा गॅमाच्या टॅगचा घोळ असतो. फाइल विंडोजच्या मशीनवर आणि एका फोनवर बघून मग ठरवा.

गाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तीन ठिकाणी उत्तर न येण्याचं एक कारण तेही असू शकतं. प्रसिद्ध फिल्मी गाणं यूट्यूबवर कंटेंट आयडीत अडकतं. कधी नुसता दावा येतो आणि व्हिडिओ चालू राहतो, कधी तो ब्लॉक होतो. दाव्याचं तुम्हाला तुमच्या खात्यात दिसतं, पण तिथे गेला नाहीत तर पत्ताही लागत नाही. खाजगी खिडकीत, लॉगइन न करता स्वतःची लिंक उघडून बघा. आता मी सांगितलेल्या मांडणीत गाणंच उरत नाही, म्हणून हा प्रश्न सुटतो. वाजंत्रीच्या जागी फिल्मी गाणं वाजवलेलं नाही ना, तेवढं ऐका. बँडवाले बहुतेक तेच वाजवतात आणि सूर ओळखला गेला तर दावा त्यावरही येऊ शकतो.

परवानगीचंही बघायला हवं. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात फिल्मचा कर्ता म्हणून निर्माता धरला जातो, एडिटर नाही. तुम्ही कापलंत म्हणून ते तुमचं होत नाही. सराफाची जाहिरात प्रसारित झाली आहे, ती दाखवायला सहसा कुणी हरकत घेत नाही, तरी एक मेसेज टाकून होकार लेखी घ्या. दूध संस्थेची फिल्म त्यांच्या आतल्या कामासाठी होती का, ते विचारा. लग्नाच्या कुटुंबाला तर विचाराच, ती त्यांच्या घरची गोष्ट आहे. आणि प्रसिद्ध न झालेलं काम कितीही चांगलं असलं तरी घालू नका. गुप्ततेच्या करारातलं काम तुम्ही रीलमध्ये लावलंत, तर समोरचा मनात हेच म्हणतो की आमचंही उद्या असंच बाहेर जाणार.

कॅमेऱ्याचं उत्तर: नाही, यात नको. वेगळी रील करा आणि या अर्जासोबत ती पाठवू नका. मिश्र रील पाहिली की आम्हाला कळत नाही की हा माणूस उद्या एडिट टेबलवर बसणार की शूटला पळणार. मेलमध्ये एक ओळ लिहिलीत की "कॅमेराही करतो" तर पुरे. डीओपीच्या कामासाठी जेव्हा अर्ज कराल, तेव्हा मात्र नियम उलटतो. तिथे संगीतावरचं माँटाज चालतं, कारण तिथे एकेक शॉट हेच पूर्ण काम असतं. पण शॉटला जागा द्या. कॅमेरा हलतोय तर हालचाल सुरू कशी झाली आणि थांबली कशी ते दिसू दे, मधलेच दोन सेकंद कापले की थरथर लपवलीये असा संशय येतो. आणि एकाच सीनचे वाइड, मिड, क्लोज लागोपाठ ठेवा. एक सुंदर फ्रेम नशिबानेही मिळते. वाइडमधला प्रकाश क्लोजमध्ये टिकवला आहे का, खिडकीची दिशा तीच आहे का, त्वचेचा रंग बदलला नाही ना, हे डीओपीची निवड करणारा बघतो. तुमच्या स्वयंपाकघराच्या सीनमध्ये तो प्रकाश टिकलेला आहे. तो तुम्हीच शूट केला असेल तर दोन्ही रीलमध्ये तोच सीन राहील, फक्त एडिटच्या रीलमध्ये सलग आणि कॅमेऱ्याच्या रीलमध्ये आवाजाशिवाय.

पाठवताना एकच लिंक द्या. ड्राइव्हची लिंक दिलीत तर "लिंक असलेल्या कुणालाही" बघता येईल अशी ठेवा. "ॲक्सेस मागा" असा पडदा आला की पुढचा अर्ज उघडला जातो. अपलोड केल्या केल्या पाठवू नका, ड्राइव्ह आणि यूट्यूब दोन्हीकडे सुरुवातीचा काही वेळ धूसर आवृत्तीच चालते. यूट्यूबवर एकदा टाकलेली फाइल त्याच लिंकवर बदलता येत नाही, व्हिमिओवर बदलता येते आणि लिंक तीच राहते. मी व्हिमिओ घ्या म्हणेन, कारण आठवड्याने तुम्हाला एक कट खटकणारच आहे. फक्त कोणत्या प्लॅनमध्ये काय मिळतं ते बघून घ्या.

मेलमध्ये प्रत्येक तुकड्याला एक ओळ पुरे. म्हणजे "दूध संस्था: इतक्या वेळाच्या मुलाखतीतून ३२ सेकंद" असं. मूळ मालमसाला किती होता ते रील बघून कळत नाही आणि एडिटरचं अर्धं काम तिथेच झालेलं असतं. आकडा खरा लिहा, कारण बोलावलं तर तुम्हाला रशेसबद्दलच विचारतील: हातांवर का थांबलात, दुसरा टेक कसा होता, दिग्दर्शकाला काय हवं होतं. ज्या तुकड्याबद्दल अशी उत्तरं देता येणार नाहीत, तो आत्ताच काढा. बहुतेक ठिकाणी त्यानंतर एक चाचणीही देतात, रशेस हातात देऊन अर्ध्या दिवसात २० सेकंद कापायला सांगतात. त्या दिवशी बिन नीट लावलेले, टेकना नावं दिलेली आणि टाइमलाइनवर संवाद-संगीत वेगळ्या ट्रॅकवर, एवढं करून ठेवलंत तर कट थोडा कच्चा असला तरी चालतो. ज्युनिअरने सोडलेला प्रोजेक्ट रात्री दुसऱ्या कुणाला तरी उघडावा लागतो.

नवी रील झाली की इथेच टाका, बघते. मुलाखतीतला तो दुहेरी श्वास आधी काढा मात्र.